घडी घालून पाडलेली भोके: कागद उलगडल्यावर ती नेमकी कोठे दिसतील?

माडाची सावली (फोंडा)

माझी मुलगी पाचवीत, मराठी माध्यमात शिकते आणि यंदा नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसणार आहे. त्या परीक्षेतील मानसिक क्षमतेच्या ४० प्रश्नांपैकी ४ प्रश्न घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडण्याचे असतात. बाकीच्या आकृत्या तिला जमतात, पण येथे तिचे उत्तर हटकून एक-दोन भोकांनी चुकते आणि ते का चुकते हे मला तिला समजावून सांगता येत नाही. म्हणून एकच प्रश्न सविस्तर लिहिते.

चौरस कागद आहे. पहिल्या घडीत त्याची डावी अर्धी बाजू उजव्या अर्ध्या बाजूवर आणली आहे, त्यामुळे उभी, दुपदरी पट्टी तयार होते. दुसऱ्या घडीत त्या पट्टीचा वरचा उजवा कोपरा तिरका खाली आणला आहे आणि तो पट्टीच्या डाव्या कडेच्या बरोबर मध्यावर टेकला आहे. त्यानंतर डाव्या कडेजवळ दोन भोके पाडली आहेत. वरचे भोक त्या दुमडलेल्या कोपऱ्यावर आहे आणि खालचे भोक कोपऱ्याच्या खाली, मोकळ्या पट्टीवर आहे. उलगडलेल्या कागदाच्या पर्यायांत एकात ५, एकात ६ आणि एकात ८ भोके दिसतात. चौथ्या पर्यायातही ६ भोके आहेत, पण ती वेगळ्या जागी आहेत.

मुलीने ५ भोकांचा पर्याय निवडला. सराव पुस्तकातील उत्तर ६ चे आहे, परंतु कारण दिलेले नाही. मी वहीचे पान घेऊन प्रत्यक्ष घडी घातली आणि पेन्सिलीच्या टोकाने भोके पाडली, तर माझी भोके कोणत्याच पर्यायाशी जुळेनात. माझे काय चुकले आणि तिचे काय चुकले, हे कोणी सांगू शकेल का?

पहाटवारा (म्हापसा)

ताई, मी गेली दोन वर्षे कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत आहे आणि असे प्रश्न तेथेही येतात. प्रत्येक घडीमुळे थर दुप्पट होतात, म्हणून दोन घड्या असतील तर एका भोकाची चार भोके होतात आणि दोन भोकांची आठ. माझ्या मते ८ चा पर्याय बरोबर असून पुस्तकातील उत्तर चुकलेले असावे. घड्या कोणत्या क्रमाने उलगडायच्या यावरही फार वेळ घालवू नये, कारण मी आजवर सोयीच्या क्रमाने उलगडत आलो आहे आणि उत्तर बदललेले मला दिसले नाही.

अबोली

माझ्या भाच्याच्या पुस्तकात असे प्रश्न आहेत, परंतु त्यांत कागदावर आधीच नक्षी काढलेली असते आणि तुटक रेघेवर घडी घातली की एका अर्ध्यावरची नक्षी दुसऱ्या अर्ध्यावरच्या नक्षीत मिसळून कशी दिसेल, हे ओळखायचे असते. त्यात थर मोजण्याचा प्रश्नच येत नाही. तुम्ही उगाच अवघड करून घेत आहात असे मला वाटते.

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

अबोलीताई, तुम्ही सांगता तो पारदर्शक कागदाचा प्रश्न आहे आणि तो निराळा आहे. तेथे कागद दुमडलेलाच राहतो आणि त्यातून आरपार काय दिसते एवढेच विचारलेले असते. येथे कागद अपारदर्शक आहे, भोक सगळ्या थरांतून जाते आणि शेवटी कागद पूर्ण उघडायचा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुस्तकातील ६ हे उत्तर बरोबर आहे, आणि ५ व ८ हे आकडे प्रश्नकर्त्याने सहज म्हणून दिलेले नाहीत. मुले ज्या दोन ठरावीक चुका करतात, त्यांतून हेच दोन आकडे निघतात. पहाटवारा यांनी ८ कसे आले ते सांगितलेच आहे. ताई, तुमच्या मुलीचे ५ कसे आले असावेत ते मी दाखवतो, पण त्यासाठी कागदावर १६ चौकटी आखून घेऊ. उभ्या रांगांना डावीकडून क, ख, ग, घ म्हणू आणि आडव्या ओळींना वरून १, २, ३, ४ असे आकडे देऊ.

पहिली घडी घातल्यावर क ही रांग घ वर पडते आणि ख ही रांग ग वर पडते. समोर फक्त ग आणि घ यांची पट्टी उरते. दुसऱ्या घडीची तिरकी रेघ त्या पट्टीच्या वरच्या डाव्या टोकापासून निघून ग१ आणि घ२ या चौकटींना कर्णावर कापत उजव्या कडेला जाते, आणि घ१ ही अख्खी चौकट ग२ वर येऊन बसते. तुमचे वरचे भोक ग२ मध्ये आहे आणि खालचे ग३ मध्ये आहे.

शेवटची घडी आधी उघडू. दुमडलेला कोपरा वर गेला की ग२ चे भोक ग२ मध्ये राहते आणि त्याचे जोडीदार भोक घ१ मध्ये दिसते. ग३ वर तो कोपरा आलेलाच नव्हता, म्हणून त्याला या पायरीवर जोडीदार मिळत नाही. आता पहिली घडी उघडू. पट्टीवर या क्षणी असलेली तिन्ही भोके मधल्या उभ्या रेघेपलीकडे उमटतात. ग२ चे ख२ होते, घ१ चे क१ होते आणि ग३ चे ख३ होते. एकूण सहा झाली:

```
    क  ख  ग  घ
१   ●  ·  ·  ●
२   ·  ●  ●  ·
३   ·  ●  ●  ·
४   ·  ·  ·  ·
```

तुमच्या मुलीने, माझ्या अंदाजाने, पहिली घडी आधी उघडली. मग ग२ चे ख२ झाले आणि ग३ चे ख३ झाले, आणि त्यानंतर तिरकी घडी उघडताना तिला ग२ चे घ१ मिळाले. परंतु ख२ चे प्रतिबिंब त्या तिरक्या रेघेपलीकडे काढायला गेले की ते कागदाच्या वरच्या कडेबाहेर पडते. तेथे कागदच नाही, म्हणून मुले ते सोडून देतात आणि क१ हरवते. तिला एकदा विचारून पाहा.

माडाची सावली (फोंडा)

सर, तिला विचारले. तिने अगदी तसेच केले होते, आणि "ते कागदाच्या बाहेर जात होते, म्हणून मी घेतले नाही," हेच तिचे शब्द होते. मात्र तुमचे उत्तर वाचून तिने एक शंका काढली, जिचे उत्तर माझ्याकडे नाही. ती म्हणते की, ग३ चे प्रतिबिंब तिरक्या रेघेपलीकडे काढले तर तेही उजव्या कडेच्या बाहेर पडते. मग ग३ च्या वेळी बाहेर पडलेले भोक सोडलेले चालते आणि ख२ च्या वेळी का चालत नाही?

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

तिची शंका या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी जाते.

भोकाचे प्रतिबिंब कागदाबाहेर पडणे ही काही चूक नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, त्या घडीच्या वेळी त्या जागेवर पलीकडून येऊन बसलेला थर नव्हता. ग३ च्या बाबतीत हे खरे आहे, कारण दुमडलेला कोपरा पहिल्या दोन ओळींच्या खाली उतरलेलाच नाही. ख२ चे मात्र तसे नाही. दुसरी घडी घातली तेव्हा कागदाची डावी बाजू डावीकडे नव्हतीच, ती उजवीकडे येऊन पडलेली होती. त्यामुळे आपण जो एक कोपरा खाली दुमडला, त्यात खरे तर दोन कोपरे होते, मूळचा वरचा उजवा आणि त्यावर येऊन बसलेला मूळचा वरचा डावा. ख२ ला डावीकडे परत पाठवून मगच तिरकी घडी उघडणे म्हणजे, त्या घडीच्या वेळी जी चौकट तेथे नव्हती तिला ती घडी लावणे होय. म्हणूनच तिचा जोडीदार हवेत जातो.

तिला अशी सवय लावा की, प्रत्येक घडी उघडण्याआधी त्या घडीच्या वेळचे चित्र प्रश्नपत्रिकेत बोटाने दाखवायचे आणि विचारायचे, "हे भोक दुमडलेल्या भागाखाली होते का?" होते, तर त्याचे प्रतिबिंब कागदावर पडलेच पाहिजे. ते पडत नसेल, तर एक तर क्रम उलटा झाला आहे किंवा आरशाची रेघ चुकीची धरली आहे. बरीच मुले घडीच्या रेघेऐवजी दुमडलेल्या आकाराच्या मध्यातून जाणारी रेघ आरसा म्हणून धरतात. खरी रेघ ओळखायला सोपी आहे, कारण दुमडून निघून गेलेला भाग चित्रात तुटक रेघांनी दाखवलेला असतो आणि तुटक भाग व भरीव भाग जेथे एकमेकांना भिडतात, तीच घडीची रेघ असते.

पहाटवारा, तुमचा अनुभव खोटा नाही. एक घडी उभी आणि एक घडी आडवी असेल, म्हणजे दोन्ही रेघा काटकोनात असतील आणि कागद दोन्ही वेळा अर्धा होत असेल, तर कोणतीही घडी आधी उघडली तरी भोके त्याच जागी येतात. सोप्या प्रश्नांत बहुधा हीच जोडी असते, म्हणून उलट्या क्रमाची गरज तुम्हाला जाणवली नसावी. पण दोन्ही घड्या उभ्याच घालून पाहा. कागद आधी अर्धा करा, मग ती पट्टी पुन्हा अर्धी करून डावीकडचा भाग उजवीकडे आणा आणि घ या रांगेत भोक पाडा. सरळ क्रमाने उघडलेत तर तुमच्या हाती तीन भोके लागतील. प्रत्यक्षात आडव्या ओळीत चार असतात.

पहाटवारा (म्हापसा)

मी आत्ताच करून पाहिले. सरळ क्रमाने तीनच आली आणि कागद उघडला तर चार होती. क्रमाबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेतो. परंतु थर दुप्पट होण्याचा नियम तर गणिताचा आहे, तो कसा चुकेल? तीन घड्या म्हणजे २ × २ × २, आठ थर.

मखरकार (डिचोली)

मी परीक्षेतला माणूस नव्हे. चतुर्थीच्या मखरासाठी कागदाची नक्षी कापण्याचे काम आमच्या घरी आजोबांपासून चालत आले आहे, म्हणून लिहावेसे वाटले. गोल कागदाची सहा पाकळ्यांची चकती करताना मी कागद आधी अर्धा करतो, मग त्या अर्ध्या चकतीचा उजवा तिसरा हिस्सा मधल्या हिश्श्यावर आणतो आणि डावा तिसरा हिस्सा त्याच्यावर आणतो. घड्या तीन झाल्या, पण थर सहाच झाले. हे थर मी बोटाने इतक्या वेळा मोजले आहेत की त्यात चूक होणार नाही, कारण पतंगाच्या कागदाचे सहा थर माझी कात्री सरळ कापते आणि आठ थर झाले की आतला कागद सरकतो.

उलगडण्याबद्दल सांगायचे तर, शेवटची घडी आधी उघडणे हे आम्हाला कोणी शिकवले नाही. भाद्रपदात हवा दमट असते, थर एकमेकांना धरून बसतात, आणि आतली घडी आधी ओढली की पाकळीचा देठ फाटतो. पण मला एक कळत नाही. माझ्या नक्षीत सगळ्या घड्या मध्यबिंदूतूनच जातात, आणि पाकळी कोठेही कापली तरी ती सहा ठिकाणी सारखीच उमटते. मग तुमच्या प्रश्नात वरचे भोक चार ठिकाणी आणि खालचे दोनच ठिकाणी, असे का होते?

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

काका, तुमच्या चकतीत प्रत्येक हिस्सा दुसऱ्या हिश्श्यावर पूर्ण बसतो, कोठे थोडा आणि कोठे जास्त असे होत नाही, म्हणून कात्री कोठेही लावली तरी सहाच थर कापले जातात. परीक्षेतील कोपरा मात्र पट्टीचा काही भागच झाकतो. त्यामुळे एकाच कागदावर कोठे चार थर असतात, तर कोठे दोन. तिरक्या रेघेच्या वर उजवीकडे, जेथून कोपरा उचलला, तेथे तर एकही थर उरत नाही.

पहाटवारा, तुमच्या शंकेचे उत्तर काकांच्या चकतीत आणि या कोपऱ्यात मिळून आहे. दुप्पट होणे ही वरची मर्यादा आहे. तीन घड्यांत एका भोकाची आठांहून जास्त भोके कधीच होणार नाहीत, पण कमी होऊ शकतात. भोक जेथे पाडले तेथे किती थर आहेत ते मोजावे, घड्या किती घातल्या ते मोजू नये. येथे ४ आणि २ मिळून ६ झाले. हा आकडा आधी काढला की ५ आणि ८ चे पर्याय लगेच बाद होतात, आणि जागा फक्त उरलेल्या दोन पर्यायांत तपासावी लागते.

आता ताईंच्या वहीच्या पानाबद्दल. ते पान चौरस नव्हते, एवढेच चुकले. लांबट पानाची पट्टी केली आणि वरचा कोपरा सरळ ४५ अंशांत खाली आणला, तर तो डाव्या कडेच्या मध्यापर्यंत पोहोचतच नाही. ए४ कागदाची पट्टी १०.५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून कोपरा वरून १०.५ सेंटिमीटरवर टेकतो, आणि मध्य मात्र १४.८५ सेंटिमीटरवर असतो. चित्रातल्यासारखा तो ओढून मध्यावर नेला की घडीची रेघ वरच्या डाव्या टोकातून जात नाही आणि सगळी भोके सरकतात. ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस कापून घ्या. हातातल्या एकेरी पंचाचे तोंड फार आत जात नाही, पण एवढ्या लहान कागदात ग२ आणि ग३ यांचे मध्य डाव्या कडेपासून १ सेंटिमीटरवरच येतात. पेन्सिलीपेक्षा पंच घ्यावा, याचे आणखी एक कारण तुम्हाला करताना दिसेल.

माडाची सावली (फोंडा)

सर, ते कारण आम्हाला दिसले. मुलीने पंच एका पांढऱ्या बशीवर धरला होता. पहिल्या भोकाच्या वेळी बशीत कागदाच्या चार टिकल्या पडल्या, एकमेकींना चिकटून, पण नखाने सुट्या केल्यावर चार. दुसऱ्या भोकाच्या वेळी दोन पडल्या. कागद उघडण्याआधीच तिने "सहा" असे सांगितले आणि मग कागद खिडकीशी धरला, तर तुम्ही काढलेल्या चौकटीतल्याप्रमाणे सहा ठिकाणांहून उजेड आला.

त्यानंतर तिने आपणहून आणखी एक प्रयोग केला, आणि त्यात मी पुन्हा अडकले. तिने ग१ मध्ये, म्हणजे तिरक्या घडीच्या रेघेवरच पंच मारला. घडी असताना तेथे अर्धवर्तुळाची खाच दिसते. बशीत दोनच टिकल्या पडल्या, त्याही मधोमध दुमडलेल्या आणि एकीच्या पोटात दुसरी बसलेली. कागद उघडला तर ग१ आणि ख१ मध्ये एकेक पूर्ण भोक होते. पण तेथे थर तर चार आहेत ना?

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

थर चारच आहेत, पण प्रत्येक थरातून अर्धेच भोक गेले आहे. चार अर्धी भोके घडीच्या रेघेवर जोडीजोडीने सांधली गेली आणि दोन पूर्ण झाली. दुमडलेली टिकली तेच सांगते. ती मुळात एक गोल आहे आणि तिच्या मधून घडीची रेघ जाते. म्हणून भोक रेघेवर असेल तेव्हा ती घडी उघडताना नवे भोक मोजायचे नाही, अर्ध्याचे पूर्ण होते एवढेच धरायचे. त्यानंतरच्या घडीत ते नेहमीप्रमाणे दुप्पट होते.

पहाटवारा (म्हापसा)

यावरून आठवले. माझ्याकडील एका सराव संचात नेमका असाच प्रश्न आहे. पट्टी हीच, तिरकी घडी हीच आणि भोक ग१ मध्ये रेघेजवळ आहे. उत्तरसूचीत ४ भोकांचा पर्याय दिला आहे, आणि २ भोकांचाही पर्याय तेथे आहे. मी पूर्वी ४ म्हणूनच सोडवला होता, तेव्हा मला शंका आली नव्हती. आता मात्र २ हवे होते असे वाटते.

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

चित्रात खाच दाखवली आहे की पूर्ण वर्तुळ दाखवले आहे, यावर ते अवलंबून आहे. घडीच्या कडेला अर्धवर्तुळ कापलेले दिसत असेल तर उत्तर २. पूर्ण वर्तुळ कडेच्या आत, कडेला न शिवता बसलेले असेल तर चारही थरांतून पूर्ण भोक गेले आहे आणि उत्तर ४. मग कागद उघडल्यावर तिरक्या रेघेच्या दोन बाजूंना दोन भोके अगदी शेजारी दिसतील, आणि तशीच जोडी डावीकडेही दिसेल.

पहाटवारा (म्हापसा)

वर्तुळ पूर्ण काढले आहे, पण त्याची कड घडीच्या रेघेला टेकलेली आहे. मी भिंग लावून पाहिले. छपाई जाड असल्यामुळे दोन रेघांच्या मध्ये पांढरी जागा दिसत नाही, आणि वर्तुळाचा काही भाग रेघेपलीकडे गेला आहे असेही म्हणता येत नाही.

मखरकार (डिचोली)

कात्रीच्या कामात अशी जागा आम्ही टाळतोच. कापलेली कड घडीला नुसती टेकली, तर उघडताना मधला धागाभर कागद तुटतो आणि दोन भोकांचे एक लांबट भोक होते. तुमच्या पर्यायांत तसे एखादे लांबट भोक दाखवले आहे का?

पहाटवारा (म्हापसा)

नाही, काका. सगळ्या पर्यायांत सुटी, गोल भोकेच आहेत. ४ च्या पर्यायात मात्र दोन्ही जोड्यांतील भोकांमध्ये बरेच अंतर ठेवले आहे, आणि वर्तुळ रेघेला टेकलेले असेल तर तेवढे अंतर कसे येईल हे मला कळत नाही.

सत्तरीचा शिक्षक (वाळपई)

टेकलेले असेल तर ते येणार नाही. भोक आणि त्याचे प्रतिबिंब घडीच्या रेघेपासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून टेकलेल्या वर्तुळांची जोडीही एकमेकांना टेकलेलीच दिसली पाहिजे. म्हणजे ४ चा पर्याय त्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही, आणि पूर्ण वर्तुळ काढलेले असल्यामुळे २ चाही जुळत नाही. मी मुलांना तरीही ४ च निवडायला सांगेन, कारण चित्रात खाच नाही. शक्य असेल तर त्या चित्राचा फोटो येथे टाका. माझे शेजारी शिक्षक आहेत, त्यांना मी आत्ताच तोंडी सांगून पाहिले, तर ते २ वर ठाम आहेत.